कोसळलेल्या ड्रोनचा लॉग

पडलेला ड्रोन माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्याबरोबर निकालही लागून आलेला असतो. आणणारा उंबऱ्यातच सांगून टाकतो, "ताई, वाऱ्यानं पाडलं," नाहीतर "मोटरच डुप्लिकेट हाय." मी मान डोलावते आणि आधी लॉग उतरवून घेते. उडताना ड्रोनच्या मेंदूत क्षणाक्षणाची नोंद होत असते. चालवणाऱ्याने काय सांगितलं, यंत्राने काय केलं, बॅटरीने किती दिलं, सांगाडा किती थरथरला, सगळं त्यात असतं. माणसं आपापल्या सोयीने आठवतात. लॉगला सोय नसते, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे.

सीमाभागातल्या आमच्या शहरात, विणकरांच्या खासबागेत, घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी माग चालायचे. आता तिथे माझं ड्रोनदुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी निपाणीकडचा टेम्पो दारात थांबला आणि तिघं उतरली. पुढे बचतगटाच्या अध्यक्षीणबाई, साठीच्या, नऊवारी, आवाज फडातून घरापर्यंत पोचेल असा. मागून तो ड्रोन गटाला विकणारे निपाणीचे दुकानदार, ज्यांना सगळे आण्णा म्हणायचे. शेवटी ड्रोन चालवणारी पंचविशीतली मुलगी. तिने मोडका ड्रोन पोत्यात गुंडाळून छातीशी धरला होता आणि कुणी मागितला तरी देत नव्हती.

गटाचा हा फवारणीचा ड्रोन होता. सोयाबीन, तंबाखू, ऊस, बोलावतील तिथे जायचा. पंचक्रोशीत ड्रोन उडवणारी बाई ही एकटीच. चार दिवसांपूर्वी उसावर फवारताना तो खाली आला.

"हिनं पाडला," अध्यक्षीणबाई बसण्याआधीच म्हणाल्या. "हातात रिमोटची कांडी आली की पोरगीचं भान सुटतंय. गटाच्या बायका म्हणत्यात, रिमोट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. परवा बैठक हाय. तवर काय ते सांगा, म्हंजी मिटलं."

आण्णांचं मत वेगळं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंप बदलल्यावर ट्यूनिंग हितंच झालतं न्हवं? लोकल ट्यूनिंग. मग काय हुणार?" मग फोन काढून कंपनीच्या माणसाशी कानडीत बोलू लागले, की दुरुस्तीवाल्या बाईने बिघडवलंय, वॉरंटीचं नाव काढू नका. आम्हा तिघींनाही कानडी चांगलं येतं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मला राग पटकन येतो, आणि माझ्या ट्यूनिंगला कुणी नावं ठेवली की फारच पटकन.

मग मी मुलीकडे वळले. काय झालं विचारलं, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "माझ्याच हातनं झालं असंल ताई. शेवटाला घाबरून मी कांडी लई जोरात दाबली." आणि जरा थांबून, "उडवायचं न्हाय म्हणाल्या तर न्हाय उडवणार. पर खरं काय झालं ते तरी कळू दे."

ड्रोनचा एक हात मुडपला होता, टाकी फुटली होती, पण मेंदू शाबूत होता. लॉग उतरला. तिघांनाही मी पडद्यासमोर बसवलं आणि राग गिळून आधी माझीच बाजू तपासायला घेतली.

ट्यूनिंग, म्हणजे ड्रोनने तोल कसा सावरायचा त्याची जुळवणी, बिघडलेलं असलं की ते लॉगमध्ये लपत नाही. एक रेघ असते ड्रोनने किती कलायला हवं त्याची आणि दुसरी तो खरंच किती कलला त्याची. ट्यूनिंग चुकलं की दुसरी रेघ पहिलीच्या भोवती सारखी डुलते, पुढे जाते, मागे येते, आणि चारही मोटरींचे आकडे तिच्याबरोबर लटपटतात. इथे दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या होत्या. अगदी शेवटच्या क्षणी त्या एकदम एकमेकींपासून फुटल्या.

"ह्ये बघा फाटलं!" आण्णांनी पडद्यावर बोट टेकवलं. त्यांना आणखीही सापडलं. थरथरीच्या आलेखात त्याच जागी एक सुळका आभाळाला गेला होता. "आणि व्हायब्रेशन बघा केवढं! पंखे नीट बसवलेले न्हाईत. ते बी हितंच झालंय."

"आण्णा, तो सुळका कधी आला ते बघा," मी म्हटलं. आलेख ताणून मोठा केला आणि शेजारी उंचीची रेघ लावली. ड्रोन उसाच्या शेंड्यांवर आला त्या क्षणापर्यंत थरथर अगदी कमी होती. उसात घुसल्यावर सुळका आला आणि कलाच्या रेघा फुटल्या त्याही तिथेच. ते पडण्याचं कारण नव्हतं, पडल्याचा दणका होता. पडल्यावर झालेली मोडतोड बघून तीच पडण्याचं कारण समजणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी चूक आहे. थरथरीनेच घोळ केला असता तर ती आधीपासून वाढलेली दिसली असती, आणि ड्रोनला स्वतःची उंचीच नीट कळली नसती. इथे त्याला पक्कं कळत होतं की आपण खाली चाललोय. आपण ठरल्या उंचीवर राहायला हवं हेही कळत होतं. तरी तो खालीच जात होता.

मग मोटरींचे आकडे लावले. एकच मोटर गेली असती तर तिचा आकडा वर आणि समोरचीचा खाली, असं दिसलं असतं. इथे चारही एकदम वर गेल्या आणि कमाल आकड्याला जाऊन चिकटल्या. जेवढं मागता येईल तेवढं मागून झालं होतं आणि मिळत काही नव्हतं.

आता बॅटरी. फडाच्या टोकाला, बांधाजवळ वळण घेण्यासाठी तिने ड्रोन उचलला होता. टाकी अजून जड. उचलताच करंट चढला आणि व्होल्टेज धाडकन बसलं. बसलं ते पुन्हा उठलंच नाही.

"बॅटरी?" अध्यक्षीणबाई ताडकन म्हणाल्या. "बॅटरी फुल हुती. चारी दिवे लागल्यालं. मी स्वतः भरते."

"मी म्हणालते ताई," मुलगी पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली. "आधीच्या दोन फेऱ्यांत बॅटरी कमी म्हणून रिमोटचा भोंगा वाजून आपोआप थांबला. ह्यास्नी सांगितलं तर म्हणाल्या, चार दिवे हायत, उडव."

मी बॅटऱ्या मागितल्या. टेम्पोतून आल्या. दोन फुगलेल्या होत्या, पोटात गॅस धरल्यासारख्या. चार्जरवर लावून प्रत्येक सेलचा आतला रोध, म्हणजे वीज बाहेर पडताना होणारा अडथळा, मोजला. नव्यात जेवढा असावा त्याच्या कितीतरी पट. असली बॅटरी नुसती ठेवली की व्होल्टेज भरलेल्या बॅटरीइतकंच दाखवते, दिवेही सगळे लावते. खरं ओझं आलं की मटकन खाली बसते.

"सोयाबीन झाल्यावर ह्या कुठे होत्या?" मी विचारलं.

"तंबाखूच्या पत्र्याच्या शेडात, माळ्यावर." अध्यक्षीणबाईंच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "आठवड्याला उतरवून पुन्हा फुल करून ठेवायचे. तांदळाचा डबा कधी तळाला जाऊ दिला न्हाय मी संसारात. रिकामं ठेवू नये काय बी."

मला हसावं की रडावं कळेना. या बॅटऱ्या महिनोन्महिने ठेवायच्या तर साधारण अर्ध्या भरून, गार जागी ठेवायच्या असतात. पूर्ण भरून पत्र्याखाली उन्हाळा काढला की त्या आतून जळत जातात. या बाईने एवढ्या काळजीने, एकही आठवडा न चुकवता त्यांना मारलं होतं. आळशी बाईच्या हातात त्या जास्त जगल्या असत्या.

"अर्धं भरल्यालं कोण ठेवतंय?" त्या पुटपुटल्या. मग आण्णांकडे वळल्या, "तुम्ही का न्हाय सांगितलं?"

"पुस्तकात लिवलंय की."

"पुस्तक विंग्रजीत!"

आण्णांनी फोन खिशात घातला. पण माझं काम संपलं नव्हतं. मुलीने कांडी जोरात दाबली असं स्वतःच सांगितलं होतं, आणि ते तसंच ठेवलं तर बैठकीत तेवढंच उरलं असतं. मी तिच्या हाताची रेघ काढली. रिमोटची कांडी कुठे, कधी, किती वळली तीही लॉगमध्ये असते.

व्होल्टेज बसलं, ड्रोन खचायला लागला आणि तिची कांडी उजवीकडे गेली. झटका नव्हता. रेघ सरळ चढली आणि पूर्ण उजवीला जाऊन तिथेच राहिली, ड्रोन उसात जाईपर्यंत. ताकद कमी पडली की हे यंत्र उंची सोडतं, पण तोल सोडत नाही. म्हणून खाली येता येताही त्याने तिचं ऐकलं आणि उजवीकडे कलत गेला.

"उजवीकडेच का गं?" मी विचारलं.

तिने पोतं जवळ ओढलं. मी पुन्हा विचारलं, "डावीकडे काय होतं?"

"बांध."

"बांधावर?"

तिने अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं. "भांगलणीच्या बायका बसल्यालत्या, भाकरी खात. ड्रोनचा आवाज नेहमीचाच, म्हणून कुणी वर बघितलं न्हाय."

अध्यक्षीणबाई पडद्याजवळ सरकल्या. मग बोट पुढे करून ती उजवी रेघ त्यांनी काचेवरून हळूच चाचपली. "मी पण हुते की तिथं," त्या म्हणाल्या. "फडाच्या कडंला पयली मीच." फडातून घरापर्यंत पोचणारा आवाज त्या वेळी मलाही जेमतेम ऐकू आला. त्यांनी मुलीच्या दंडाला धरून जवळ ओढलं. "आणि बोलली का न्हाईस गं, भवाने? चार दिस शिव्या खाल्ल्यास."

"मला वाटलं घाबरूनच झालं."

"घाबरलीस व्हय," मी म्हटलं. "घाबरून नेमकं उसाकडे नेलंस." माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत.

बैठकीत काय झालं ते मला नंतर कळलं. अध्यक्षीणबाईंनी बॅटऱ्यांचं आपल्यावर घेतलं, भांगलणीच्या बायकांना उभं करून ती उजव्या कांडीची हकीकत सांगितली, आणि रिमोटचा विषय कुणी काढलाच नाही. आण्णांनी नव्या बॅटऱ्या मिळवून दिल्या, कुरकुरत का होईना. फवारणी चालू असताना फडाजवळ कुणी बसायचं नाही, असा नियम झाला. तो पाळायला लावताना मुलगी अध्यक्षीणबाईंनाही सोडत नाही, म्हणे.

ड्रोन दुरुस्त करून दिल्यानंतर काही दिवसांनी तिचा पहिला लॉग फोनवर आला. मी घाबरले. लॉग म्हटलं की पुढे मोडकं काहीतरी असणारच, ही माझी सवय. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, ह्यात काय बी झालेलं न्हाय. तरी एकदा बघा."

इतक्या वर्षांत न पडलेल्या ड्रोनचा लॉग मला कुणी पाठवला नव्हता. हातातलं काम बाजूला ठेवून मी तो उघडला आणि उड्डाणापासून उतरेपर्यंत सगळा वाचून काढला.