कानानं तळलेली भजी

हणमंतअण्णा माझ्या हाकेला ओ देईनात, म्हणून मी आठ दिवस त्यांच्यावर रुसलो होतो. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा रुसणं अगदी खरं होतं. दाजीबानपेठेत आमच्या कापडाच्या पेढीसमोरच त्यांचा भज्यांचा गाडा. रोज चारच्या सुमाराला मी पायरीवरून भज्यांसाठी हाक मारायची, "अण्णा, पेढीवरची!" आणि त्यांनी मान न वळवता हात वर करायचा, हा सात वर्षांचा परिपाठ. तो एकाएकी मोडला. मी हाक मारावी आणि हे आपले कढईत डोळे घालून बसलेले. मनात म्हटलं, चार गिऱ्हाईकं वाढली की माणसाला शिंगं फुटतात.

खरं म्हणजे कढईत डोळे घालून बसणं हीच विचित्र गोष्ट होती, पण रागावलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. अण्णांनी भजी तळताना कढईकडे कधी पाहिलंच नव्हतं. तोंड रस्त्याकडे, गप्पा अखंड, मराठी येणाऱ्याशी मराठीत, कानडी येणाऱ्याशी कानडीत, आणि हात मागे आपलं काम करतोय. कांदा उभा, पातळ चिरलेला. त्याला मीठ चोळून ठेवायचं, पाणी सुटलं की त्या पाण्यातच मावेल तेवढं बेसन भुरभुरायचं. ओवा, तिखट, हळद, मूठभर तांदळाचं पीठ आणि वरून पळीभर कडकडीत तेल. पाणी घालणाऱ्याला ते माणसात धरत नसत. "पाणी घातलं की भजं नव्हे, उंडा होतोय," म्हणायचे. अशी भजी बाहेरून कुरकुरीत आणि आत शिजून मऊ. आमचे शेठ सदाशिवराव दातांनी अधू, पण तेही आवाज करत खायचे.

त्या कार्तिकात अण्णांना हिवताप आला होता. दहा-बारा दिवस गाडा बंद होता. उठले, गाड्यावर आले आणि भजी बिघडली. रंग झकास, पण मोडलं की आत पीठ ओलं. शेठजींनी एक भजं मोडून माझ्यापुढे धरलं आणि ताट मागे सारलं. एका गाडीवानानं तर तोंडावरच सांगितलं, "हसी ऐति, अण्णा." कच्ची आहेत म्हणाला आणि द्रोण ठेवून गेला. अण्णा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. काय म्हणाला तेही त्यांना कळलं नसावं, पण द्रोण त्यांना दिसला.

रविवारी त्यांची बायको कृष्णाबाई पेढीच्या पायरीवर येऊन बसली. एरवी ती घरी कांदे चिरून द्यायची, पेठेत फारशी यायची नाही.

"गोविंददादा, हे उद्यापासून कढई पालथी घालतो म्हणालेत," ती म्हणाली. "नवलगुंदला माझ्या भावाच्या शेतावर जाऊया म्हणतात. हात गेला म्हणे माझा. रात्रभर बसून असतात, विचारलं तर तोंड फिरवतात. ह्यांना काय व्हायलंय ते तुम्ही तरी विचारा की."

माझा रुसवा तिथंच अर्धा उतरला. वीस वर्षं कढईशी बसलेला माणूस शेतावर काय करणार? ढेकळं मोजणार? मी उठून गाड्याशी गेलो. तेवढ्यात शेजारच्या तांबटाच्या हातून पितळी घागर अण्णांच्या पाठीमागे दगडी फरशीवर पडली. एवढा ठणाणा झाला की बैल बुजले, मी दचकलो, कृष्णाबाईनं छातीवर हात ठेवला. अण्णांची पापणीही हलली नाही.

मी त्यांच्या समोर जाऊन मोठ्यानं विचारलं, "अण्णा, ऐकू येत नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या वडलांचे, अप्पाचे, कान पन्नाशीला गेले," ते म्हणाले. "माझे त्याच्याही दोन वर्षं आधी, अठ्ठेचाळिशीतच गेले. आत नुसती घंटा वाजत असते. कुणाला काय सांगू? बहिऱ्याची भजी कोण खातंय?"

मला कळेना, कानाचा आणि भज्यांचा काय संबंध. मग त्यांनीच सांगितलं. कढईत ते कधी बघत नसत, कारण गरजच नव्हती. पिठाचा थेंब टाकला की आवाजावरून तेल कळायचं. गप्प राहिला तर तेल थंड, एकदम तडतडला तर जास्त तापलेलं, बारीक चुरचुरला तर बरोबर. घाणा टाकला की मोठा गलका होतो. तेव्हा लाकूड थोडं मागे ओढायचं. आतलं पाणी आटेल तसा आवाज उतरतो. अगदी बारीक सुरसुर उरली की आत शिजलं. मग लाकूड पुन्हा पुढे, तेल तापवून मिनिटभरात झाऱ्यावर. "रंग फसवतोय, दादा. जाळ मोठा असला की वरून लाल होतंय आणि आत कांदा ओरडत असतोय. तेच मला ऐकू येत नाही."

मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं, कृष्णाबाई मागोमाग. वैद्यकी मला शून्य, पण घंटा वाजते म्हटल्यावर मला माझ्या लहानपणच्या तापाचं काहीतरी आठवत होतं. कंपौंडर तुकाराम खवट माणूस. हिवताप आणि कानातली घंटा सांगताच त्यानं विचारलं, "तापाचं कोयनेल कधी थांबवलं?"

कृष्णाबाई म्हणाली, "थांबवलं कुठं? ताप पुन्हा येऊ नये म्हणून बाटली भरून आणलीय की दोनदा. औषध टाकायचं कसं?"

तुकारामानं कपाळाला हात लावला. ताप जाऊन पंधरा दिवस झाले तरी कडू कोयनेल दिवसातून तीनदा चालूच होतं. "कोयनेलनं कान भणभणतात, बाई. हत्तीचेसुद्धा भणभणतील. आजपासून बंद. आठवडाभरात उतरेल." मी अण्णांना खुणांनी आणि ओरडून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण कढई पालथी घालणं तेवढं आठवडाभर पुढे ढकललं.

तो आठवडा कृष्णाबाई गाड्यामागे स्टुलावर बसली. गलका उतरला की तिनं त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची आणि त्यांनी घाणा काढायचा. पहिल्या दिवशी तिनं घाईनं टिचकी मारली, भजी कच्ची. दुसऱ्या दिवशी उशीर, भजी लाकूड. तिसऱ्या दिवसापासून बरी निघायला लागली. "वीस वर्षं कांदे चिरले, पण कांदा बोलतोय हे आत्ता कळलं," ती मला म्हणाली.

शनिवारी चार वाजता मी पायरीवर आलो. आठवडाभराच्या सवयीनं छाती भरून घेतली आणि सगळी पेठ हादरेल असा ओरडलो, "अण्णा, पेढीवरची!"

हणमंतअण्णांनी मान वळवली नाही. तोंड रस्त्याकडे, हात मागे. कृष्णाबाईनं टिचकीसाठी हात उचलला, त्याच्या आधीच झारा तेलात गेला होता. सोनेरी भजी निथळत वर आली. तिचा हात तसाच हवेत राहिला आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.

"कशाला वरडालास, गोविंदा?" अण्णा म्हणाले. "बहिरा आहे काय मी?"