घरातला बर्फ

दिवसभर कापूस वेचून मरिया घरी आली तेव्हा तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या. शेवगावच्या त्या शिवारात वेचणी संपत आली होती. मालकिणीने तिला ओटीभर कापूस दिला होता, तो तिने कोपऱ्यात टाकला आणि भिंतीला टेकून बसली.

खाटेवरून तिचा नवरा स्टीफन म्हणाला, "नाताळ परवावर आलाय."

"यंदा ऱ्हाऊ दे. माझ्यात जीव न्हाई."

मांडववाल्याकडे काम करणारा हा माणूस दर वर्षी नाताळात या खोलीत सजावटीचा बर्फ पाडायचा. बाळ येशूच्या गव्हाणीभोवतीचा तो बर्फ बघायला गल्ली यायची. यंदा पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं आणि त्याचा उजवा हात लुळा पडला.

चहा ठेवून ती वळली तर तो डाव्या हाताने कापसातून सरकी काढत होता. एक बी निघे, तोवर कापसाचे दोन पुंजके खाली पडत. ती त्याच्या शेजारी बसून मदत करू लागली. सरकी काढून झाल्यावर तिने माळ्यावरची गव्हाण काढून कापसाचे गोळे तिच्या छपरावर पिठाच्या खळीने चिकटवले.

"गादी उसवल्यावानी दिसतंय," तो म्हणाला.

"मग तूच कर," असं म्हणून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दिवसभर कापूसच, घरीही कापूसच. तिला रडूही येईना.

थोड्या वेळाने ती परत आली. त्याने एक गोळा छातीशी धरला होता. "एक टोक धर. ओढ, पर हळू. आरपार दिसंस्तवर."

ती ओढत गेली. कापूस पातळ होत होत धुरासारखा झाला. पिवळट होता म्हणून त्याने खाली पांढरा कागद घालायला सांगितलं. चौकोनी कागदाची आडवी घडी, मग घडीच्या कडेच्या मध्यापासून पंख्यासारखे तिचे तीन सारखे भाग एकमेकांवर. कडेने कातरलं की सहा पाकळ्यांचं बर्फफूल. वेफर्सच्या पाकिटांची चंदेरी बाजू तिने बारीक चिरून त्या फुलांवर लावली. कापसाच्या पुंजक्यांचे दोरे आढ्याला टांगले. कापूस पेटू नये म्हणून मेणबत्ती मात्र तिने उचलून दूर खिडकीत ठेवली, गव्हाणीजवळ निळ्या दिव्यांची माळ सोडली.

"पंखा लावू नको, समदं उडंल," तो म्हणाला.

निळ्या उजेडात खोली खरंच गार वाटली. मरिया बघत राहिली. हाच कापूस दिवसभर पाठीवर होता, तेव्हा तो इतका हलका कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतली माणसं नाताळची गाणी म्हणत दारात आली तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती. स्टीफनने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू म्हना," तो म्हणाला. "लई दमलीय ती."

त्यांनी आवाज उतरवला. ती जागी झाली नाही.