मुरूम, मांजऱ्या आणि माझी लाल शाई

सोलापूरच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं. सहावीच्या वर्गाला भूगोल आणि सृष्टिज्ञान शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वर्गातल्या दोघी-तिघी माझ्यापेक्षा उंच होत्या, म्हणून मी अंबाडा जरा वर बांधायची आणि आवाज जरा खाली ठेवायची.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, छापाची जेली आणली होती. पसरट पत्र्याच्या ताटात घट्ट झालेली, खरवसासारखी. जांभळ्या शाईनं कागदावर लिहायचं, तो कागद जेलीवर पालथा दाबायचा, आणि मग कोरे कागद एकेक करून तिच्यावर ठेवून उचलायचे. पहिले पंधरा-वीस ठसठशीत निघत, पुढचे फिकट होत जात. माझी बोटं आठवडाभर जांभळी राहायची. आई म्हणायची, "जांभळं खाऊन आलीस की काय?"

माझं पहिलं प्रश्नपत्रक असं होतं. वर पाण्याच्या फेऱ्याचं चित्र: समुद्र, डोंगर, ढग, नदी, बाणांशेजारी अ, ब, क, ड आणि पुढे मोकळी रेघ. मध्ये तीन दगडांची नावं, काळा दगड, शहाबादी फरशी, संगमरवर. प्रत्येकाचा प्रकार लिहायचा. खाली जमिनीचा उभा छेद, तीन पट्ट्यांचा. एका-दोन शब्दांत उत्तरं. चित्रं मी पुस्तकात बघून काढली होती. डोंगर फार छान जमला होता, याचा मला अभिमान होता.

वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. बाप विहिरी खणायचा. घर कुंभारीच्या रस्त्याला, गावाबाहेर. ती रोज चालत यायची, आणि सुट्टीत आईबरोबर विहिरीवर मातीच्या पाट्या उचलायची. तळहात कष्टकरी बाईसारखे राठ होते. वर्गात बोलायची नाही. विचारलं तर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसायची.

तिचा कागद मी घरी तपासला. दगडांची तिन्ही उत्तरं बरोबर होती: अग्निजन्य, जलजन्य, रूपांतरित. पाण्याच्या चित्रातही बाष्पीभवन, ढग, पाऊस, नदी, सगळं जागच्या जागी. पण तिनं तेवढ्यावर थांबायचं ना! पावसाच्या बाणाखाली मी जमीन म्हणून जी जाड रेघ ओढली होती, ती ओलांडून तिनं आणखी एक बाण खाली नेला होता आणि त्याच्याशी लिहिलं होतं, 'पाझर'. जमिनीच्या छेदात मला हवं होतं ते 'वरची माती, खालची माती, मूळ खडक'. तिनं मधल्या पट्टीत पेन्सिलीनं दोन रेघा घालून तिचे तीन भाग केले होते, आणि पाच नावं लिहिली होती: काळी माती, चुनखड, मुरूम, मांजऱ्या, काळा खडक.

मी लाल शाईनं जास्तीचा बाण खोडला. पाच नावांवर फुली मारली. शेवटी लिहिलं, 'विचारले तेवढेच लिहावे. पुस्तकातील शब्द वापरावेत.' मला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कागद वाटले. सुट्टीची घंटा झाल्यावर ती टेबलापाशी आली. पहिल्यांदाच आपण होऊन.

"बाई, मांजऱ्या चुकीचा हाय व्हय?"

मांजऱ्या म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ते कबूल करायचं धाडस माझ्यात नव्हतं.

"पुस्तकात आहे का तो शब्द?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

ती कागदाची घडी करून गेली. त्यानंतर चार दिवस शाळेत आली नाही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी मी थांबायची आणि पुढे जायची.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेची शिपाईबाई सांगत आली, "बाई, फाटकात एक माणूस आलाय. तुमालाच भेटायचं म्हनतोय." मी व्हरांड्यात गेले. पायरीखाली एक उंच, वाळकासा माणूस उभा होता. पायात वहाणा नव्हत्या, अंगावर पांढरी धूळ, खांद्यावर जड गाठोडं. त्याच्या मागे, जवळजवळ त्याला चिकटून, ती.

मला वाटलं, भांडायला आला. तेवढ्यात मोठ्या बाईही त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांचा धाक मला मुलींपेक्षा जास्त होता.

त्यानं गाठोडं पायरीवर ठेवून सोडलं. आत चार ढेकळं होती, प्रत्येक निराळ्या चिंधीत बांधलेलं. ती त्यानं ओळीनं मांडली. मग तिच्याकडून माझा तो कागद घेतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"बाई, पोरगी म्हनती, नावं चुकली. मी न्हाय शिकलेलो. ही नावं तिला मीच सांगितली. माझ्या बानं मला सांगितली. चुकीची असतील तर तुमी बरुबर सांगा. मी बी इथनं म्होरं तसंच म्हनीन."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मी कागदाकडे पाहत राहिले. माझ्याच अक्षरातली ती लाल ओळ मला वाचवेना.

मोठ्या बाई पायरी उतरून खाली बसल्या. पदर आवरून, सरळ जमिनीवर. "हे कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"कुंभारीच्या शिवारात हीर चाललीय. त्याच हिरीतलं. वरनं खाली जसं लागलं तसं."

"मग तसंच सांगा ना. एकेक."

तो आधी संकोचला. मग उकिडवा बसला आणि त्याचा आवाजच बदलला. "ही काळी. पुरुषभर हाय तितं, कुटं कमी. हिच्या बुडाला ही पांढरी चुनखड. मग हा मुरूम. हा बगा." त्यानं मुरमाचं ढेकूळ मुठीत दाबलं, तर त्याचा भुगा झाला. "हा बी एकेकाळी दगडच हुता. ऊन-पान्यानं सडला. मुरमाखाली हा मांजऱ्या."

मी तो हातात घेतला. करडा-तांबूस, अंगभर बारीक भोकं, काही भोकांत पांढरे-हिरवट दाणे. त्याखालचा काळा खडक त्यानं आणला नव्हता. "त्याला सुरुंगच लागतो. आन् शाळंत त्यो हायच की," असं म्हणून त्यानं आमची पायरी थोपटली.

"पाणी कुठं लागतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तांब्याभर पानी द्या की कुनीतरी."

ती मुलगीच धावत जाऊन घेऊन आली. एव्हाना सगळा वर्ग व्हरांड्यात गोळा झाला होता. त्यानं पायरीच्या काळ्या दगडावर धार धरली. पाणी ओघळून खाली गेलं. मग मुरमाच्या भुग्यावर धार धरली. पाणी थांबलंच नाही, आत गडप झालं. "पाऊस पडला की समदं पानी काय वढ्यानं जात न्हाय," तो म्हणाला. "ह्यातनं खाली मुरतं. सडका मांजऱ्या आन् फटी, ह्येच्यातनं फिरतं. खाली अख्खा काळा लागला की तितं अडतं. त्याला चीर असली तरच म्होरं जातं. आमी हीर खनतो म्हंजे त्या मुरलेल्या पान्याला उघडं करतो, दुसरं काय."

मला माझी ती जाड रेघ आठवली. डोंगर सुंदर काढला होता, पण माझ्या चित्रात सगळं पाणी जमिनीवरूनच समुद्राला जात होतं. तसं असतं तर शाळेच्या आडात पाणी कुठून आलं असतं? हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तिला पडला होता.

मोठ्या बाई मला तिथंच बोलल्या असत्या तर सोपं झालं असतं.

मी आत जाऊन लाल शाईची दौत आणि टाक आणला. सगळ्यांच्या देखत, व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून, माझीच ओळ खोडली. खोडलेल्या बाणाशेजारी 'बरोबर' लिहिलं. पाच नावांपुढे पाच बरोबरच्या खुणा केल्या. शाईचा एक थेंब चित्रातल्या समुद्रात पडला.

"नावं चुकली नव्हती," मी त्याला म्हणाले. "मलाच ती माहीत नव्हती. पुस्तकात ह्या मधल्या सगळ्या थरांना एकच नाव दिलंय."

"असं व्हय," तो म्हणाला. "मग दोन्ही शिकवा की तिला."

निघताना त्यानं कागद परत मागितला. वाचता येत नव्हतं, पण घरी ठेवायचा होता. मोठ्या बाई त्या मुलीला म्हणाल्या, "आधी वाचून दाखव बाबांना." ती वाचू लागली, पहिल्यांदा कुजबुजल्यासारखी, मग मोठ्यानं. तो प्रत्येक शब्द ओठांत पुटपुटत होता. 'बाष्पीभवना'ला अडखळला, पुन्हा म्हणवून घेतला. 'अग्निजन्य' ऐकून थांबला.

"म्हंजे काय?"

"आगीतून झालेला," ती म्हणाली. "जमिनीच्या पोटातला रस वर आला आन् थंड झाला. मांजऱ्याची भोकं म्हंजे त्यातले बुडबुडे."

हे मी वर्गात एकदाच सांगितलं होतं, तेही घाईत.

"आगीतनं," तो स्वतःशीच म्हणाला. "आन् आमी त्याच्यात पानी हुडकतो." तिच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. पांढऱ्या धुळीचा पंजा तिच्या केसांवर उमटला. तिनं तो दिवसभर झटकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती नियमित यायला लागली. मागच्या बाकावरच बसायची, पण विचारलं की बोलायची. पुढच्या वर्षी सातवीची परीक्षा पास झाली. मग लग्न करून वैरागला दिली, असं कळलं. त्यानंतर आमची भेट नाही.

मी मात्र पुढच्या पत्रकापासून प्रत्येक चित्राखाली एक रेघ जास्त ठेवू लागले: 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' त्या रेघेला गुण नव्हते. तरी मुली आधी तीच भरायच्या. विणकराच्या एका तेलुगू मुलीनं काळ्या मातीपुढे 'रेगडी' लिहिलं. अक्कलकोटकडच्या एकीनं 'एरे' लिहिलं आणि शेजारी, मला कळावं म्हणून, 'आई कानडीत म्हणते' अशी टीप दिली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी असा एक कागद उचलून त्या रेघेवर बोट ठेवत विचारलं, "याचं बरोबर उत्तर कोणतं?"

मी काही म्हणायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या, "ते मुली सांगतात. आम्ही लिहून घेतो."