कारणाची ओळ

आमच्या रंगाच्या दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे ‘कारणबाई’ म्हणायचो. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. कोणी कामावर उशिरा आला, कोणी पगाराची उचल मागितली, कोणी डबा गळतोय म्हणून परत आणला, की चष्म्याच्या वरून बघत त्यांचा एकच प्रश्न यायचा, "कारण?" आणि ते खोटं निघालं तर त्या माणसाची खैर नसे.

मी काउंटरला. त्या माझ्या मागे, काचेच्या अर्ध्या भिंतीआड. ग्राहकाचा चेक न वटता परत आला, की दुकानात दोन माणसं अस्वस्थ होत. एक मालक, कारण पैसे अडकले. दुसरा मी, कारण पत्र वाचून तणतणत येणारा ग्राहक आधी माझ्याच अंगावर येई.

बाईंचं पत्र मात्र चोख असे. दुसऱ्या दुकानांत एकच छापील नमुना असतो, ‘खात्यात शिल्लक नसल्याने आपला चेक परत आला’. नाव बदलायचं, आकडा बदलायचा, पाठवून द्यायचं. बाई आधी बँकेचा मेमो वाचत. चेक परत करताना बँक त्याला एक चिठ्ठी जोडते, तीत परतीचं कारण असतं. शिल्लक नसेल, तारीख चुकली असेल, खाडाखोड असेल, अंकातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल. मेमोत असेल तेच कारण पत्रात उतरायचं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही मी फार डोकं खाल्लं म्हणून. त्यांच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं लहान दुकान होतं. वर्ष नुकतंच बदललं होतं आणि वडिलांनी सवयीने चेकवर मागचंच साल लिहिलं. चेक परत आला. कागदाच्या व्यापाऱ्याने छापील पत्र पाठवलं, शिल्लक नाही म्हणून. पत्राची बातमी बाजारभर झाली. पुठ्ठेवाला रोख मागू लागला, मग कापडवाला, मग सगळेच. वडील मेमो दाखवत फिरले, पण तोवर कोणाला ऐकायचं नव्हतं. दुकान बंद झालं. बाईंचं शिक्षण तिथेच थांबलं आणि त्या आमच्या जुन्या मालकांकडे नोकरीला लागल्या. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "काउंटरवर कोणी नाहीये, जा."

तर एके दिवशी परत आलेला चेक होता पेंटरकाकांचा.

पेंटरकाका म्हणजे पाट्या रंगवणारे. आमच्या दुकानावरची पाटी त्यांचीच, आणि समोरच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्याही. जुने मालक गेले, त्यांचा मुलगा गादीवर बसला, तरी काकांची उधारी कधी बंद झाली नाही. शिवाय नवं दुकान पुढच्या चौकात उघडायचं होतं आणि त्याची पाटी काकांनीच रंगवायची असं मालकांनी कबूल केलं होतं. छापील पाट्यांच्या दिवसांत काकांकडे तेवढं एकच मोठं काम उरलं होतं.

बाईंनी मेमो वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘सही नमुन्याशी जुळत नाही.’

त्यांनी पत्र लिहिलं. चेकचा नंबर, तारीख, बिलाचा नंबर, परतीचं कारण. खाली रकमांची फोड: मूळ बिल, चेक परत आल्याबद्दल बँकेने आपल्याकडून कापलेला खर्च, बिलावरच्या अटीप्रमाणे मुदतीनंतरचं व्याज. बँकेच्या कपातीची प्रत सोबत. एकूण रक्कम आठवड्याच्या आत रोख किंवा थेट खात्यात भरावी, नवीन चेक घेतला जाणार नाही, भरणा झाल्यावर मूळ चेक परत मिळेल, तोवर उधारीवर माल दिला जाणार नाही. पत्र मालकांच्या सहीसाठी ठेवलं आणि काकांना फोन केला. जुन्या ग्राहकाला पत्राआधी आवाज कानी पडावा, एवढी माया त्या करत.

काका तासाभरात हजर. पॅन्टवर निळ्या रंगाचे डाग, उजवा हात खिशात. माझ्याकडे न बघता काचेआड गेले. मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी कान बंद केले असं म्हणणार नाही.

"बाई, एक उपकार करा. त्या कारणात लिहा की खात्यात पैसे नव्हते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आजवर सगळे उलटं सांगायला यायचे.

"पैसे नव्हते तुमच्या खात्यात?"

"होते की! पण तुमच्या मालकाला वाटू दे मी कंगाल झालो. तो म्हणेल, पाटीच्या मजुरीतून वळते करू. काम तरी हातात राहील. सही जुळत नाही म्हटलं, की तो विचारेल का जुळत नाही." त्यांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. हात हलत होता. थंडी नव्हती, पंखाही बंद होता. "हे बघा कारण. औषध चालू आहे. घरी बायकोला सोडून कोणाला माहीत नाही. पेंटरचा हात थरथरतो हे बाहेर गेलं, तर पाटी सोडा, मला कोणी दार रंगवायलाही बोलावणार नाही."

माझा हात डब्यावरच थांबला. हा माणूस आमच्या दारावरची अक्षरं एका दमात ओढत असे.

बाईंचा आवाज खाली आला. "काका, तुमच्या हाताबद्दल माझ्या तोंडून कोणाला काही कळणार नाही. पण जे मेमोत नाही ते कारण माझ्या पत्रात जाणार नाही. माझ्या बापाचं दुकान तसल्याच एका ओळीने बुडालंय."

"मग माझं बुडू दे म्हणता?"

बाईंनी मेमो फायलीला लावला. मला त्यांचा रागच आला. एक ओळ! खोटं बोलून कोणाचं नुकसान होणार होतं? इतका कसला तो ताठा?

तेवढ्यात मालक आले. काकांना मान हलवून आत गेले, समोरची पत्रं उचलली, एकेक सही करत चालले आणि थांबले.

"सही जुळत नाही?" ते बाहेरच आले, पत्र हातात. "वा काका! हे धंदे कधीपासून? हे मला शिकवू नका. पैसे द्यायचे नसले की लोक मुद्दाम वेगळी सही ठोकतात. चेक दिला असं दाखवायचं आणि महिनाभर खेळवायचं. पैसे नाहीत म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं. ही शुद्ध लबाडी आहे!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती डबे बघायचं सोडून इकडे बघू लागली.

"उधारी बंद. पाटीचं कामही विसरा. आणि बाई, पत्रात घाला, फसवण्याच्या हेतूने सही बदलली म्हणून."

"ते नाही घालता येणार," बाई म्हणाल्या.

"का?"

"मेमोत हेतू लिहिलेला नाही."

"दुकान माझं आहे की बँकेचं?"

"दुकान तुमचं. पत्र मी लिहिते, साहेब. बँकेने सांगितलं नाही ते मी लिहिणार नाही."

"मग लिहिणारं दुसरं कोणी बघतो मी!"

बाई उभ्या राहिल्या. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. दोन शब्दांत त्यांची नोकरी वाचली असती, ‘हात थरथरतो’ एवढं म्हटलं की झालं. त्या काकांकडे बघतसुद्धा नव्हत्या. मगाशी आलेला माझा राग कुठल्या कुठे गेला.

"पत्र हातोहात द्यायचंय ना?" काका मध्येच म्हणाले. "मग पोच लागेल. आणा."

पत्र समक्ष दिलं की दुकानच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही घ्यायची, ही आमची रीत. बाईंनी हळूच मान हलवली, नको म्हणून. काकांनी प्रत ओढून घेतली, पेन उचललं आणि सगळ्यांसमोर सही केली. पेन कागदावर टकटक वाजलं. नाव कसलं, नुसता गुंता उमटला.

"हा माझा हेतू," ते मालकांना म्हणाले. "बघून घ्या नीट. तुमच्या वडिलांनी माझा हात पाहिला होता, आता तुम्ही पाहा."

मालकांच्या हातातलं पत्र खाली आलं. बाहेर मागे येणारा एक टेम्पो पिपाणी वाजवत राहिला.

"मग..." मालकांनी पत्र टेबलावर ठेवलं. "मग पाटी कशी रंगवणार होता काका?"

"बाई, तुमची पट्टी द्या."

बाईंनी लाकडी पट्टी दिली. काकांनी दोन जाड बिलबुकं थोड्या अंतरावर ठेवली, त्यांवर पट्टी आडवी टाकली आणि मनगट तिच्यावर टेकवलं. पाट्या रंगवणारे हाताखाली काठी धरतात, ती मी हजारदा पाहिली होती आणि कधी विचार केला नव्हता. काकांनी श्वास सोडला. पहिल्या सहीच्या खाली दुसरी सही झाली. सावकाश, पण अक्षर न् अक्षर उभं.

"ब्रश धरताना काठीचा टेकू असतो," ते म्हणाले. "चेक फाडताना सुचलं नाही. सही करायला टेकू घ्यायची लाज वाटली."

मालकांनी प्रत उचलून दोन्ही सह्या जवळून बघितल्या. मग म्हणाले, "बाई, त्यांचा तो खर्च आणि व्याज काढून टाका."

"काही काढू नका," काका फटकन म्हणाले. त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. पत्रातली एकूण रक्कम फोनवरच विचारून घेतली होती त्यांनी, तेवढीच रोख होती. "चेक माझा परत आला, बँकेचा भुर्दंड तुम्हाला पडला. तो मी भरणार. दया नको मला, काम हवंय."

बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, पावती फाडली, मूळ चेक परत केला. "आधी बँकेत जा, काका. ओळखपत्र घेऊन सहीचा नवा नमुना द्या. तोवर कोणालाही चेक देऊ नका," त्यांनी बजावलं. आवाज नेहमीसारखा कडक होता, डोळे मात्र भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मालक दारापर्यंत गेले आणि तिथूनच, मागे न वळता मला म्हणाले, "पाटीच्या दिवशी शिडी धरायला तू जा."

मी गेलो. शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरून दिवसभर वर बघत राहिलो. नव्या दुकानाची पाटी देखणी झाली. फक्त शेवटच्या अक्षराची शेपटी जरा थरथरलेली आहे, काठी तिथवर पोचेना म्हणून. माहीत असलेल्यालाच ती दिसते. बाई आता त्याच दुकानात बसतात. सकाळी आत शिरण्याआधी त्या मान वर करून ती शेपटी बघतात आणि मग बँकेची डाक उघडतात.