बॅड गेटवेची खुर्ची

दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षा चालू होती आणि उत्तर पाठवताना मधूनच कुणाच्याही स्क्रीनवर ‘बॅड गेटवे’ असा एरर मेसेज उगवत होता. प्राचार्यांच्या मते दोष खुर्चीचा होता. पोराला दुसरीकडे बसवलं की उत्तर जायचंही, कारण तोवर सर्व्हर ते दुसऱ्या वर्करकडे द्यायचा. वर्कर म्हणजे उत्तरं घेणाऱ्या एकाच प्रोग्रॅमच्या चालू प्रती; अशा चार होत्या. कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे होती. मी सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहिला, तर सगळ्या एरर एकाच वर्करच्या. तो उत्तर घेता घेता कोसळत होता. त्याला सर्व्हरच्या यादीतून काढलं, एरर थांबल्या.

“पाहा,” प्राचार्य म्हणाले, “जागा बदलल्यानं फरक पडते. तुम्ही कायले स्क्रीनमध्ये डोकं खुपसून राह्यले होते?”

पुढच्या परीक्षेला मला खुर्च्या हलवायची ड्युटी लागली.