त्या बैठकीत मी माफ केलं नाही

खुर्ची ओली होती. बसल्यावर कळलं.

आठवीचा वर्ग. मी हजेरी घ्यायला बसले आणि लुगडं मांडीपाशी भिजलं. वास आला. गोठ्याचा वास. गोमूत्र. पोरं खाली मान घालून खिदळायलेली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बसा बाई, आता शुद्ध झाली खुर्ची."

मी उठले. वर्गाकडं पाठ केली आणि फळ्यावर अपूर्णांकाची गणितं लिहिली. अक्षर मोठं मोठं काढलं. पूर्ण तास उभी राहून शिकवलं. भिजलेलं लुगडं मागून दिसत होतं. कुणाला दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

ताडकळसच्या पलीकडचं गाव. खाजगी संस्थेची शाळा. त्या शाळेतली जयभीमवाल्यांची मी पहिली शिक्षिका. नामांतराची लढाई तेव्हा चालूच होती. दंगलीच्या साली मी पोरगी होते, आमची वस्ती पेटली तेव्हा आईनं आम्हाला ज्वारीच्या रानात बसवलं होतं. शिकले, डी.एड. झाले, नोकरी लागली. वाटलं, आता खुर्ची मिळाली. मिळाली. ही अशी.

तास संपला तशी मी हेडमास्तरांकडं गेले. काय झालं ते सांगितलं. ते कागदपत्रं चाळत म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी एका पोराला पुढं काढलं. मारोती. धनगराचा. बाप मेंढरं राखतो. गोमूत्राचा डबा त्याच्या दप्तरापाशी सापडला होता. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, याला महिनाभर शाळेतून काढलं. मग मला बोलावून म्हणाले, "तुमच्यासाठी एका पोराला काढलं. आता विषय संपला."

माझा जीव थंड व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

संध्याकाळी मारोतीचा बाप माझ्या खोलीवर आला. दारातच थांबला. पटका काढून हातात धरला. मी आत या म्हटलं तरी आला नाही. मग हळूच म्हणाला, "बाई, माझं लेकरू चुकलं. चूक हायच. पण डबा ज्यानं आणायला लावला त्याचं काय वो? माझं पोरगं आता मेंढरामागं जाईल. एकदा गेलं की परत साळंत येत न्हाई. आमच्यात कुणीच आलं न्हाई."

कुणी आणायला लावला, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तो मागच्या बाकावरचा आवाज सगळा वर्ग ओळखत होता. विजय. सरपंचाचा पोरगा. सरपंच, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, ते संस्थेच्या मंडळावर होते. विजयच्या घरी हेडमास्तर समजूत घालायला स्वतः जाऊन आले होते. चहा घेऊन आले होते.

म्हणजे माझ्या अपमानाचं असं झालं होतं. मोठ्या घरच्या पोराला समजूत. मेंढक्याच्या पोराला हाकलणं. आणि वरून म्हणायचं, बाईंना न्याय दिला. माझ्याच नावानं दुसऱ्या गरिबाचा गळा कापला होता.

आमच्या शाळेत चित्रकलेला पठाण सर होते. वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी यापूर्वी पोरांची दोन-तीन भांडणं वेगळ्या पद्धतीनं मिटवली होती. कुणाला न मारता, न काढता. त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, बसून बोलायचं, पण ही पंचायत नव्हे. पंचायतीत पंच निकाल देतात आणि ज्याच्यावर गुदरलं तो हात जोडून उभा राहतो. इथं पंच नाही. ज्यानं केलं त्यानं बोलायचं, ज्याला झालं त्यानं बोलायचं. मग भरून काढायचं कसं, हे त्या सगळ्यांनीच ठरवायचं. "पण बाई," ते म्हणाले, "तुमची मर्जी नसेल तर न्हाई. हे तुमच्यावर लादायचं न्हाई. लादलं की तो पण जुलूमच."

मी विचार करून हो म्हटलं. एक अट घातली, विजय आला पाहिजे. ते म्हणाले, अट बरोबर आहे, पण आधी त्यानं आपण केलं हे कबूल करायला पाहिजे. कबूलच नसेल तर त्याला तुमच्यासमोर बसवून काय फायदा? तुमचाच दुसऱ्यांदा अपमान होईल.

मग ते एकेकाच्या घरी गेले. मारोतीकडं मेंढवाड्यात. आबासाहेबांच्या ओसरीवर. माझ्या खोलीवर दोनदा. प्रत्येकाला एकट्याला गाठून तेच विचारलं. काय झालं? तेव्हा मनात काय होतं? कुणाला काय सोसावं लागलं? बैठकीत काय विचारतील, कोण कोण असेल, हे आधीच सांगून ठेवलं. कुणीही मध्येच उठून जाऊ शकतं, हेही. सोबतीला आपलं माणूस आणा म्हणाले. मी आईला बोलावून घेतलं.

विजयनं कबूल केलं. पहिल्या भेटीत नाही, तिसऱ्या भेटीत. आबासाहेब मात्र एवढ्यासाठीच तयार झाले की पोराचं नाव तालुक्याला जाऊ नये. हेडमास्तर हो म्हणाले, कारण आबासाहेब हो म्हणाले.

चित्रकलेच्या खोलीत पठाण सरांनी सतरंजी अंथरली. गोल बसायचं. आबासाहेबांनी खुर्ची मागितली. पठाण सर म्हणाले, सगळेच खाली बसायलेत. माझी आई सतरंजीच्या कडेला बसली होती, तिच्याकडं एक नजर टाकून आबासाहेब बसले. गुडघा तिच्या लुगड्याला लागू नये असे.

पठाण सरांनी नियम सांगितले. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शिव्या नाहीत. मध्ये तोडायचं नाही, कुणीच.

मारोती आधी बोलला. विजूनं डबा आणायला सांगितला, आमच्या दावणीला गाय हाय म्हणून मी आणला, असं म्हणाला. बाईला राग येईल एवढंच वाटलं होतं. मग तो रडायला लागला. पठाण सरांनी त्याला रडू दिलं.

मग विजय. बराच वेळ सतरंजीची दशी ओढत बसला. म्हणाला, "आमच्या घरी वस्तीतलं कुणी ओसरीवर येऊन गेलं की आजी शिंपडते. मी लहानपणापासून बघायलोय. मला वाटलं तसंच करायचं असतं." पठाण सरांनी विचारलं, मग हसलास का? तो म्हणाला, "सगळे हसतील म्हणून."

माझी पाळी आली. मी लिहून आणलं नव्हतं. सांगितलं, त्या दिवसापासून मी उभीच शिकवते. कुठंही बसायच्या आधी हात फिरवून बघते, बसमध्येसुद्धा. वर्गातल्या वस्तीच्या तीन पोरी त्या दिवशी माझ्याकडं बघतच नव्हत्या. बाईचं असं होतं तर आपलं काय होणार, हे त्यांच्या खाली गेलेल्या मानेत मला दिसत होतं. हे फक्त माझ्या लुगड्याचं नाही.

आई बोलणार नाही असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी दुसऱ्याच्या शेतात खुरपत हिला शिकवलं. मला वाटलं, शिकल्यावर सुटंल."

एवढंच.

आबासाहेब खाकरले. पोरं अजाण आहेत म्हणाले. दोघांनी बाईंच्या पाया पडावं, बाईंनी मोठ्या मनानं माफ करावं, आपण सगळे एका गावचे. हेडमास्तरांनी मान हलवली. विजय पाया पडायला अर्धा उठलासुद्धा. सगळ्या नजरा माझ्यावर. माझ्या तोंडातून "असू द्या" निघायची वाट बघत. आमच्या आयाबायांच्या तोंडातून ते किती पिढ्या निघत आलंय. जिभेवर आलंही होतं.

"बस खाली," मी विजयला म्हटलं. "पाया पडू नको. पाया पडलं की तुला काही करावं लागत नाही आणि मला गप्प बसावं लागतं. माफी मी आज देणार नाही. ती माझी आहे. मला वाटेल तेव्हा देईन, नाहीतर देणार नाही."

आबासाहेब उठायला निघाले. पठाण सर म्हणाले, जायचं तर जा, पण पोराला बसू द्या, त्याचं काम अजून राहिलंय. विजय बापाकडं बघत राहिला आणि बसून राहिला. मग बापही बसला.

आता काय केलं म्हणजे भरून निघेल, हे पठाण सरांनी मला विचारलं. मी सांगितलं. मारोतीला आजपासून शाळेत घ्यायचं. त्याचा बुडालेला अभ्यास विजयनं मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर बसून भरून काढायचा. जिथं केलं त्याच वर्गासमोर दोघांनी आपल्या तोंडानं सांगायचं, काय केलं आणि त्यात चूक काय होती. आणि विजयनं घरी आजीला सांगायचं की हे शिंपडणं बंद कर.

शेवटचं ऐकून विजय म्हणाला, "बाई, आजीला सांगायची माझी हिंमत न्हाई."

पठाण सर म्हणाले, जे होणार नाही ते कबूल करायचं नाही, खोटा वायदा नको. ते आम्ही सोडलं. त्याऐवजी विजय म्हणाला, माझ्यासमोर आजी शिंपडायली तर मी तिथून उठून जाईन. एवढं जमेल. खुर्ची धुऊन देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. ती माझ्यामुळं विटाळली नव्हती, मग धुवायची कशाला.

त्यांनी वर्गात सांगितलं. मारोती भडाभडा बोलला, विजय अडखळत, जमिनीकडं बघत. कुणी हसलं नाही. महिन्याभरानं ठरल्याप्रमाणं पुन्हा बसलो, ठरलेलं झालं का बघायला. आबासाहेब आले नाहीत. विजय एकटा आला. मारोतीची गणितं सुटायली होती. आजी अजून शिंपडत होती. विजय दोनदा उठून गेला होता, एकदा बसून राहिला होता. तेही त्यानं सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ही लिहिली नसती.

दिवाळीनंतर वस्तीतल्या एका पोरानं शाळेच्या खिडकीची काच फोडली. त्याला कुणीतरी जातीवरून बोललं होतं. हेडमास्तरांनी त्याला त्याच दिवशी काढलं. मी गेले, म्हटलं, याची बैठक घ्या. काच फुटली ती त्यानं कशी भरून द्यायची ते ठरेल, आणि त्याला काय बोललं गेलं तेही निघेल. पठाण सर तयार आहेत.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, बैठक काय प्रत्येकाला असते?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ही चांगली रीतसुद्धा त्यांनी आपल्या पोरांसाठी राखून ठेवली होती. आबासाहेबांच्या घरचं झाकायला बैठक. आमच्या घरचं उघडं पाडायला शिस्त.

मी म्हटलं, "असते. नाहीतर कुणालाच नसते. त्या पोराला बाहेर ठेवायचं असेल तर मलाही बाहेर काढा. लेखी काढा. कारण लिहा. कारण काय लिहिता ते मी तालुक्याला आणि जिल्ह्याला वाचून दाखवेन."

त्यांनी पोराला परत घेतलं आणि वर्ष संपताना मंडळानं माझी बदली संस्थेच्या येलदरीकडच्या शाळेत केली.

लोक अजून विचारतात, त्या पोरांना माफ केलं का? मारोतीला केलं. विजयला अजून नाही, आणि ते त्याला माहीत आहे. मी गेले त्या प्रत्येक शाळेत पहिल्याच दिवशी हेडमास्तरांना एवढंच सांगितलं. इथून एकाही पोराला, ते कुणाचंही असो, त्याचं ऐकल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. आणि मोठ्या घरच्याला ऐकून घेऊन आमच्याला काढलंत, तर तुमची गाठ माझ्याशी आहे.