दोन आणि दीड

ही गोष्ट मी सांगते तेव्हा "माझी एक चूक झाली होती" असं सांगते. ऐकणारे मान डोलावतात, चुका कोणाच्या होत नाहीत म्हणतात, आणि विषय संपतो. मला तो तसा संपलेला आता चालत नाही. चूक पहिल्या दिवशी झाली होती. त्यानंतर जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं आणि शहराबाहेरच्या शेतांत एकामागून एक इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. शिकवायला माणसं कमी होती. एम.एस्सी. गणित असलेली मी एका मुलाखतीत लागले. समता कॉलनीतून सकाळी कॉलेजची बस घ्यायची, उरल्याच्या कारखान्यांचा धूर खिडकीतून आत येऊ लागला की काच ओढायची आणि तासाची उजळणी डोक्यात करायची.

पहिल्याच वर्षी विभागप्रमुख सरांनी मला नोट्स लिहायला सांगितलं. "मॅडम, बच्चों को किताब नहीं, रास्ता चाहिए," ते म्हणायचे. मी रास्ता दिला. पुस्तिका छापली गेली, तिच्यावर कॉलेजचं नाव, आत माझं. अठ्ठाविसाव्या पानावर चौकटीत मी लिहिलं होतं: आयगनव्हॅल्यू काढायच्या असतील तर आधी रो ऑपरेशन करून मॅट्रिक्स त्रिकोणी करा, मग कर्णावरचे आकडे म्हणजेच उत्तर.

मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकोनी मांडणी, काही वेक्टर न वाकवता नुसते काही पट करते; ती पट म्हणजे आयगनव्हॅल्यू. हे मी कुठून आणलं? दोन खऱ्या गोष्टी मी एकमेकींना चिकटवल्या होत्या. एका ओळीतून दुसरीची पट वजा केली तर डिटर्मिनंट बदलत नाही, हे खरं. त्रिकोणी मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू कर्णावरच असतात, हेही खरं. पण दोन खऱ्यांच्या मध्ये जी पायरी लागते ती नव्हतीच, आणि ती नाही हे मला दिसलं नाही. नोट्समधलं उदाहरण आधीपासूनच त्रिकोणी होतं, त्यामुळे उत्तर बरोबर यायचं. कोणी विचारलंही नाही.

विचारलं ते गुढियारी मोहल्ल्यातल्या एका मुलीने. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क, मूळ आमच्याच वर्धेकडचे. मुलगी मराठी समजायची, बोलायची हिंदी. पहिल्या सेशनलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या वेळी तिला कावीळ झाली होती, पेपर अर्धाच लिहून उठली. दुसऱ्या सेशनलमध्ये मी पाच गुणांचा प्रश्न घातला. मॅट्रिक्स साधं: पहिली ओळ दोन, एक; दुसरी ओळ एक, दोन. आयगनव्हॅल्यू काढा.

माझ्या पद्धतीने दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली की खाली शून्य आणि दीड उरतं. कर्णावर दोन आणि दीड. साठ पोरांनी दोन आणि दीड लिहिलं, साठ जणांना पाचपैकी पाच. तिने एक आणि तीन लिहिलं होतं. मी लाल पेनाने शून्य दिलं, आणि तेवढ्याने ती किमान गुणांपेक्षा तीनने खाली गेली. आमच्याकडे सेशनलमध्ये किमान गुण नसले तर परीक्षेला बसू देत नसत. वर्ष जायचं.

ती स्टाफरूममध्ये आली, पेपर माझ्यापुढे ठेवला.

"मैडम, दो और डेढ़ गलत है."

शेजारच्या टेबलावरच्या फिजिक्सच्या मॅडम हसल्या. मी म्हटलं, "नोट्स में देखो."

"देखा. नोट्स भी गलत है."

"गुणाकार कर," मी चिडून मराठीतच म्हणाले. "दोन गुणिले दीड किती? तीन. डिटर्मिनंट किती? तीन. जुळलं ना?"

"गुणा तो मेरा भी तीन है. एक गुणा तीन. पर जोड़ के देखिए. मैट्रिक्स में दो और दो, चार. मेरा भी चार. आपका साढ़े तीन."

कर्णावरची बेरीज आयगनव्हॅल्यूंच्या बेरजेएवढी असते हे मीच शिकवलेलं. तिने पेन उचलला आणि माझ्याच कागदावर एकाखाली एक दोन एक्के लिहिले.

"इसको मैट्रिक्स में डालिए. ऊपर दो और एक, तीन. नीचे एक और दो, तीन. एक-एक डाला, तीन-तीन निकला. सीधा तीन गुना. अब आपकी घटाई हुई वाली में डालिए. ऊपर तीन, नीचे डेढ़. टेढ़ा हो गया ना?"

"पण रो ऑपरेशनने उत्तर बदलत नाही. समीकरणं सोडवताना आपण तेच करतो."

"वहाँ राइट साइड को भी साथ में बदलते थे, मैडम. या उधर जीरो होता था, तो फर्क नहीं पड़ता था. यहाँ राइट में वही वेक्टर बैठा है, लैम्डा लेकर. आपने लेफ्ट बदला, राइट को छुआ ही नहीं. तो सवाल ही दूसरा हो गया."

फिजिक्सच्या मॅडम हसायच्या थांबल्या होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं, म्हटलं, "बघते मी," आणि तिला पाठवलं.

मी बघितलं. त्याच दुपारी, रिकाम्या वर्गात, दार लावून. आधी कर्णावरून लॅम्डा, म्हणजे शोधायचा आकडा, वजा करायचा, मग हवी तेवढी रो ऑपरेशनं करून डिटर्मिनंट काढायचा. तेव्हा काही बिघडत नाही. मी क्रम उलटा केला होता. आधी मॅट्रिक्स बदललं, मग त्याची आयगनव्हॅल्यू विचारली. ओळींवर जे केलं त्याच्या उलटं स्तंभांवरही केलं असतं तर त्या टिकल्या असत्या. नुसत्या ओळी हलवल्या की त्या हलतात. फळ्यावर एक आणि तीन लिहिलं, बराच वेळ बघत बसले, आणि पुसून टाकलं. परीक्षेतून अडवलेल्यांची यादी लागायला दोन दिवस होते. म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मी इतकी वर्षं टाळलं.

सरांकडे गेले, हे खरं. त्यांनी दार लोटलं. "टीम आने वाली है इंस्पेक्शन के लिए. आप चाहती हैं साठ कॉपी खोलूँ, साठ बच्चों के पाँच-पाँच काटूँ, और नोट्स पर कॉलेज का नाम? एक लड़की के लिए?"

"सर, वो सही है."

"होगी. फिर निकल जाएगी अगले साल."

मी त्यांच्यावर दोष टाकत नाही. त्यांनी गुणतक्त्यावर सही मागितली, मी सही केली.

यादी लागल्यावर तिचे वडील आले. हातात रेल्वेची बॅग, पायात धुळीच्या चपला. मी मराठी, वर्धेकडची आहे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, आपण एकाच भागातले. मले खरं सांगा. पोट्टी म्हन्ते, मी बरोबर लिवलं अन् मॅडमनं काटलं. असं होते का?"

मी म्हटलं, "असं नसतं हो. आजारपणामुळे तिचा अभ्यास कमी पडला. गणित जरा जड जातंय तिला."

"मंग ते खोटं बोलून राहिली घरी?"

"खोटं नाही. तिला तसं वाटतं."

त्यांनी हात जोडले. मला हात जोडले. गेले.

पुढच्या वर्षी ती त्याच विषयाला परत बसली, पहिल्या बाकावर, माझ्या बरोब्बर समोर. वही उघडी, पेन बंद. माझे तास येत गेले, आयगनव्हॅल्यूंचं प्रकरण जवळ येत गेलं. सरांनी सांगून ठेवलं होतं, "वो चैप्टर जल्दी निपटा दीजिए." नव्या पोरांच्या हातात तीच पुस्तिका होती.

त्या दिवशी मी खडू उचलला आणि म्हटलं, "पेज अट्ठाईस निकालो. फाड़ दो."

कोणी हललं नाही. "मैडम, सच में?"

"सच में. बॉक्स में जो है, मैंने लिखा है, और वो गलत है. पिछले साल इसी क्लास की एक लड़की ने दिखाया था. वो सामने बैठी है."

कागद फाटल्याचा आवाज बाकाबाकावरून मागे गेला. मी फळ्यावर दोन, एक, एक, दोन मांडलं आणि तिला खडू दिला. ती उठली, दोन एक्क्यांनी सुरुवात करून सगळं मांडून दाखवलं, एकदाही माझ्याकडे न बघता. तास संपायच्या आत सरांचा निरोप आला. मी गेले नाही. नंतर बोलणी खाल्ली, पगारवाढ अडली, नोट्सवरून माझं नाव गेलं. जाऊ दे गेलं तर. ते त्यावर असायलाच नको होतं.

पण हा काही शौर्याचा किस्सा नाही. वर्ग रिकामा झाल्यावर ती थांबली.

"आपने बोला, गलत लिखा था. ये नहीं बोला कि टाइम पर पता था."

"तुला कसं कळलं?"

"क्लास में खिड़की है, मैडम. बोर्ड पर एक और तीन लिखा, फिर मिटा दिया. मैं बरामदे में थी."

मी फळ्याजवळचं डस्टर उचललं, तसंच खाली ठेवलं.

"पापा बी.ए. का फॉर्म ले आए हैं. कहते हैं ये सेमेस्टर आखिरी, गणित तुम्हारे बस का नहीं. ये उनको आपने बताया है. अब आप ही जाकर बताइए."

रविवारी मी गुढियारीला गेले. दोन खोल्यांचं घर. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. मी उभीच राहिले आणि सांगितलं: पोरगी बरोबर होती. चुकीचं मी शिकवलं. तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा मला ते माहीत होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं, जणू ऐकू आलं नाही. "तवा मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"नोकरीची भीती. आणि लाज."

"अन् मी हिले वर्षभर..." ते पोरीकडे वळले. "तू काहून नाही बोल्ली?"

"बोली थी, पापा. आपने मैडम की बात मानी."

तिची आई चहाचं पातेलं घेऊन दारातच थांबली होती. वडिलांनी शोकेसच्या खणातून बी.ए.चा फॉर्म काढला आणि मुलीकडे दिला. तिने तो वाचला नाही, फाडलाही नाही. टेबलावर पसरला, आईच्या हातातलं गरम पातेलं घेतलं आणि त्याच्यावर ठेवलं. मग चार कप भरले. एक माझ्यापुढे सरकवला. "बैठिए," ती म्हणाली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि मी विचारलंही नाही.